केएसटी: सिग्नल लाइनचा छेद धरायचा की शून्य रेषेचा?

केएसटी, म्हणजे ‘नो शुअर थिंग’, हा मार्टिन प्रिंग यांचा ऑसिलेटर. चार्टवर लावला की दोन रेषा दिसतात: एक केएसटीची, दुसरी तिची सिग्नल लाइन. मधे शून्याची आडवी रेघ असते. खरेदी-विक्रीचा इशारा दोन ठिकाणी मिळतो, केएसटी सिग्नल लाइनला छेदते तेव्हा किंवा शून्य ओलांडते तेव्हा. यातला कुठला धरावा, हे ठरवण्याआधी आकडा कसा बनतो ते बघू.

डेली चार्टवर बहुतेक ठिकाणी हीच सेटिंग आधीपासून भरलेली असते:

```
k = ta.sma(ta.roc(close,10),10) + 2*ta.sma(ta.roc(close,15),10) + 3*ta.sma(ta.roc(close,20),10) + 4*ta.sma(ta.roc(close,30),15)
s = ta.sma(k,9)
```

१०, १५, २० आणि ३० दिवसांपूर्वीच्या भावाशी आजच्या भावाची टक्केवारीत तुलना करायची. पहिल्या तीन आकड्यांची १० दिवसांची आणि चौथ्याची १५ दिवसांची साधी सरासरी घ्यायची. मग त्यांना १, २, ३, ४ असं वजन देऊन बेरीज करायची. सिग्नल लाइन म्हणजे या बेरजेची ९ दिवसांची सरासरी.

वजनं १ ते ४ दिसतात, पण प्रत्यक्षातला फरक त्याहून बराच मोठा आहे. भाव रोज अर्धा टक्का वाढतोय असं धरा (चक्रवाढ बाजूला ठेवू). मग चार बदल ५, ७.५, १० आणि १५ टक्के येतात. वजन लावल्यावर ते ५, १५, ३० आणि ६० होतात, बेरीज ११०. म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा एकट्या ३० दिवसांच्या बदलाचा, आणि १० दिवसांच्या बदलाचा जेमतेम साडेचार टक्के. केएसटी चार कालखंडांचं मिश्रण आहे हे खरं, पण हुकूम चालतो तो सगळ्यात लांबच्या कालखंडाचा. तिची वळणं गुळगुळीत असतात ती यामुळे, आणि उशिरा येतात तीही यामुळेच.

आता दोन्ही छेद एकाच भावावर लावून बघू. भाव बराच काळ १०० वर स्थिर होता. मग २० दिवस रोज अर्ध्या अंकाने पडून ९० वर आला आणि तिथून रोज अर्ध्या अंकाने वर निघाला. तळाचा दिवस शून्यावा धरू. हिशोब सोपा राहावा म्हणून एक अंक म्हणजे एक टक्का मानलाय.

भाव वळल्यावरही केएसटी तीन दिवस खालीच जात राहते आणि तिसऱ्या दिवशी उणे ७३.६ वर तळ गाठते. सहाव्या दिवशी ती उणे ६८.९ वर असते आणि सिग्नल लाइन उणे ६९.३ वर, म्हणजे छेद झाला. तेव्हा भाव ९३ आहे. शून्य मात्र सतराव्या दिवशी ओलांडलं जातं, भाव ९८.५ झाल्यावर. सिग्नलवाल्याने तळापासूनचे ३ अंक सोडले, शून्यवाल्याने ८.५. इथवर तर सिग्नलचा छेद सरळ सरस वाटतो.

पण उसळी आठच दिवस टिकली तर? भाव ९४ पर्यंत गेला आणि तिथून पुन्हा रोज अर्धा अंक पडू लागला. सहाव्या दिवसाचा खरेदीचा छेद जसाच्या तसा येतो, कारण तोवर दोन्ही चार्ट हुबेहूब सारखे आहेत. पुढे काय होतं ते जास्त बोलकं आहे. भाव आठव्या दिवसापासून पडतोय, तरी केएसटी सतराव्या दिवसापर्यंत चढतच राहते, कारण लांबच्या सरासऱ्यांमधून जुनी घसरण अजून बाहेर पडत असते. त्या सतराव्या दिवशी भाव ८९.५ आहे, म्हणजे जुना ९०चा तळ तुटलेला, आणि केएसटी मात्र या उसळीतल्या तिच्या सर्वोच्च जागी, उणे ३३.७ वर. खाली येणारा छेद विसाव्या दिवशी मिळतो, भाव ८८ असताना.

| | सिग्नल लाइनचा छेद | शून्याचा छेद |
|---|---|---|
| तेजी टिकली | ९३ला खरेदी | ९८.५ला खरेदी |
| उसळी फसली | ९३ला खरेदी, ८८ला विक्री | खरेदीच नाही |

मुख्य गोष्ट अशी की सिग्नलच्या छेदाने आत शिरणं एकवेळ ठीक, पण बाहेर पडायला उलट्या छेदाची वाट बघणं महागात पडतं. याच उदाहरणात स्टॉपलॉस ९०च्या जरा खाली असता तर तोटा साडेतीन अंकांच्या आसपास राहिला असता, पाच झाला नसता. केएसटी बघून शिरायचं असेल तर स्टॉप भावावर लावा, केएसटीवर नको.

तिसरा मार्गही आहे, आणि ट्रेंडबरोबर चालणाऱ्याला मी तोच सुचवेन. केएसटी शून्याच्या वर असताना सिग्नल लाइनच्या खाली जाते आणि पुन्हा वर छेदते, तेवढेच खरेदीचे छेद धरायचे. शून्याखालचे वर जाणारे छेद सोडून द्यायचे. मग वरच्या फसलेल्या उसळीत तुम्ही नसताच. अर्थात पहिल्या उदाहरणातला तळाजवळचा भावही हुकतो. तेजीत आधीपासून असलेल्या शेअरमधली घसरण संपतेय का, एवढंच हा मार्ग सांगतो. तळ शोधणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

साइडवे बाजारात मात्र तिन्ही मार्गांचे हाल होतात. दोन्ही रेषा शून्याजवळ एकमेकींना चिकटून चालतात आणि बारीक हालचालीनेही छेद पडतो. ओळखायची खूण सोपी आहे: मागच्या काही महिन्यांत केएसटी साधारण किती वर-खाली गेली ते त्याच शेअरच्या चार्टवर बघा. आताची हालचाल त्यापुढे अगदी किरकोळ असेल तर छेद मोजू नका. दुसऱ्या शेअरचा आकडा इथे चालत नाही. केएसटीला वरखाली ठरलेली मर्यादा नाही, त्यामुळे आरएसआयसारखी ७०-३०ची पट्टी तिला लावता येत नाही.

छेद मोजायचा तो कॅन्डल बंद झाल्यावरच. सहाव्या दिवशी दोन रेषांतलं अंतर अवघं ०.४ होतं. चालू दिवसात भाव थोडा हलला तरी असा छेद येतो आणि बंद होईपर्यंत पुसलाही जातो. नव्याने लिस्ट झालेल्या शेअरवर तर घाईचा प्रश्नच येत नाही: केएसटीचा पहिला आकडाच ४५व्या कॅन्डलला मिळतो आणि सिग्नल लाइन ५३व्याला सुरू होते.

थोडक्या दिवसांसाठी शिरून भावावर स्टॉप लावणार असाल तर सिग्नल लाइनचा छेद घ्या. महिनोन्‌महिने धरून बसणार असाल आणि पहिले काही अंक गेल्याचं वाईट वाटत नसेल तर शून्याचा छेद बरा. तो फसतोही कमी वेळा, पण फसला तर जास्त उंचीवरून फसतो, कारण तोवर भाव बराच चढलेला असतो.