कुपोषण-चाळणीसाठी नवी प्रश्नावली की जुनी एमएसटी?

रुग्णालयात दाखल प्रौढांवरील संशोधनात कुपोषित रुग्ण ओळखण्यासाठी नवी प्रश्नावली वापरावी, की 1999 पासून प्रचलित असलेली एमएसटी (नकळत घटलेले वजन आणि भूक मंदावल्याने कमी झालेला आहार यांवरचे प्रश्न, दोन किंवा अधिक गुण म्हणजे धोका) पुरेशी आहे, हे ठरवताना दोन्ही साधने त्याच रुग्णांवर वापरून त्यांची एसजीए या सविस्तर मूल्यमापनाशी तुलना करावी लागते. एसजीएमधील 'ब' आणि 'क' गट मिळून कुपोषित धरले जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 200 रुग्णांपैकी एसजीएनुसार 60 कुपोषित आहेत. नव्या प्रश्नावलीने त्यांतले 54 पकडले, पण उरलेल्या 140 पैकी 42 जणांनाही धोक्यात दाखवले. म्हणजे कुपोषितांना ओळखण्याचे प्रमाण, अर्थात संवेदनशीलता, 90 टक्के आणि सुपोषितांना बरोबर वगळण्याचे प्रमाण, अर्थात विशिष्टता, 70 टक्के. एमएसटीने 45 कुपोषित पकडले आणि केवळ 14 जणांना चुकीने धोक्यात दाखवले; म्हणजे 75 आणि 90 टक्के. योगायोगाने होणारा मेळ वजा करून एसजीएशी सहमती मोजणारा कप्पा काढला, तर नव्या साधनाचा 0.51 आणि एमएसटीचा 0.65 येतो.

केवळ कप्पा पाहणारा एमएसटी निवडेल, आणि पुढे सर्वांचे सविस्तर मूल्यमापन होणार नसेल तर 15 कुपोषित रुग्ण हातचे घालवेल. नव्या साधनातून फक्त 6 सुटतात. कप्पा दोन्ही प्रकारच्या चुका सारख्याच तोलतो, चाळणीत मात्र त्या सारख्या नसतात. शिवाय तो कुपोषणाच्या प्रमाणावरही अवलंबून असतो: संवेदनशीलता आणि विशिष्टता तीच ठेवून 200 पैकी 20 जणच कुपोषित असतील, तर नव्या साधनाचा कप्पा 0.28 पर्यंत उतरतो. म्हणून वेगळ्या रुग्णालयातल्या अभ्यासातला कप्पा शेजारी ठेवून तुलना करणे मला निरर्थक वाटते.

नव्या साधनाची किंमतही आहेच. धोक्यात दाखवलेल्या प्रत्येकाचे एसजीए करायचे ठरल्यास नव्या साधनामुळे 96 आणि एमएसटीमुळे 59 मूल्यमापने करावी लागतील. जास्तीचे 9 कुपोषित रुग्ण शोधण्यासाठी 37 मूल्यमापने अधिक. प्रकल्पातील आहारतज्ज्ञांना तेवढा वेळ असेल तर मी नवे साधन घेईन. चाळणीच्या निकालावरूनच थेट गट पाडायचे असतील तर एमएसटी, कारण नव्या साधनाने धोक्यात दाखवलेल्या 96 जणांत 42 सुपोषितच असतील.

मात्र हे आकडे विश्वासार्ह असतील तरच हा हिशेब लागू पडतो. एसजीए करणाऱ्याला चाळणीचे गुण आधी कळले, तर सहमती फुगते. चाळणीत धोका दिसलेल्यांचेच एसजीए केले, तर सुटलेले रुग्ण मोजलेच जात नाहीत आणि संवेदनशीलता खोटी उंच दिसते. नव्या साधनाचा कटऑफ याच 200 रुग्णांवरून ठरवला असल्यास तो वेगळ्या रुग्णांवर पुन्हा तपासावा. आणि 60 पैकी 54 या निकालाचा 95 टक्के विश्वासांतर सुमारे 80 ते 95 टक्के इतका रुंद असतो, हे अहवालात 90 टक्क्यांच्या शेजारीच लिहावे.