टीप लिहा की चर्चा करा: पोलीस कारवाईवरचे दोन प्रश्न

बी.ए.च्या इतिहासाच्या पेपरात हैदराबादची पोलीस कारवाई दोन तऱ्हांनी येऊ शकते. ‘टीप लिहा’, पाच गुणांना. किंवा ‘ही कारवाई अटळ होती का? चर्चा करा’, दहा गुणांना.

टिपेला पाऊण पान पुरतं. नोव्हेंबर 1947चा जैसे थे करार, रझाकारांचे अत्याचार, 13 सप्टेंबर 1948ला शिरलेलं सैन्य, 17ला निजामाची शरणागती. इथं मत मागितलेलंच नाही.

चर्चेला दीड-दोन पानं. पण आपल्या मराठवाड्यातली पोरं बहुधा तीच टीप फुगवतात, आधी निजामाची वंशावळसुद्धा! तारखा दोन ओळींत उरका. मग एक बाजू: वाटाघाटी फसल्या होत्या, कासीम रझवीचे रझाकार गावं लुटत होते. दुसरी: निजामानं प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला होता, आणि कारवाईच्या काळात व नंतर निरपराध मुसलमानही मारले गेले. ही दुसरी बाजू खोडून पाहा. उत्तराला काहीच फरक पडत नसेल, तर गुण टिपेइतकेच मिळतील. शेवटी कौल कारणासह द्या, उदाहरणार्थ: कारवाई अटळ होती, मात्र नंतरचा हिंसाचार अटळ नव्हता.