काकाजी, नागपूरला उतरा की मुंबईला? गावी यायच्या वाटांचा हिशोब

ती. काकाजी आणि काकूंना सा. नमस्कार,

डिसेंबरात येतो म्हणालात, तेव्हापासून आई रोज विचारते, "कोणत्या रस्त्यानं येणार हायेत?" तुम्ही मागे आलात तेव्हा मुंबईहून मूर्तिजापूर आणि तिथून शकुंतलेत बसून कारंजा, असा प्रवास होता. ती छोटी गाडी आता बंद आहे आणि रूळ गवतात गेलेत. पण रस्ते इतके बदललेत की तुमचा जुना अंदाज इथे उपयोगाचा नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. नकाशात किलोमीटर बघू नका. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकल्यापासून आपल्या अंगणात पोचेपर्यंत किती तास लागतात, बॅगा किती वेळा उचलाव्या लागतात, आणि कारंज्यापासूनचे शेवटचे १४ किलोमीटर उजेडात होतात की अंधारात, एवढंच बघा. काकूंचे गुडघे आणि तुमच्या तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा धरून मी हा हिशोब केला आहे.

पहिली वाट म्हणजे डॅलसहून दोहा आणि दोहाहून थेट नागपूर. एकाच तिकिटावर केलंत तर बॅगा डॅलसला दिल्या की नागपूरच्या पट्ट्यावरच हातात येतात. नागपूरला इमिग्रेशनची रांगही मुंबईसारखी लांबत नाही. विमानतळावरून समृद्धी महामार्गाची सुरुवात जवळच आहे. तिथून कारंज्याचा फाटा साधारण पावणेदोनशे किलोमीटर. गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, पण आपला माणूस शंभरानंच चालवतो, म्हणजे दोन तासांच्या आत तो टप्पा उरकतो. शहरातून निघायला अर्धा तास, मध्ये एक चहा, कारंज्यातून पुढे गावापर्यंत चाळीस मिनिटं. सगळं मिळून साडेतीन तास धरा. जुन्या अमरावती रस्त्यानं हेच पाच तासांवर जायचं. टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या थोडा वर आहे, म्हणजे एका बाजूचे साडेतीनशेच्या आसपास.

यातली अडचण वेळेची आहे. दोह्याचं विमान बहुधा मध्यरात्रीनंतर उतरतं. समजा अडीचला उतरलात आणि चारला बाहेर आलात, तर लगेच गाडीत बसू नका. समृद्धी सरळसोट आहे. वळण नाही, गाव नाही, आणि रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरचा डोळा तिथे हमखास लागतो. शिवाय पहाटे खाली उतरलात की कारंज्यापुढच्या रस्त्यावर रोह्यांचे कळप असतात. महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, आपल्या रस्त्याला नाही. रोही दिव्यावर थबकतो आणि मग नेमका गाडीच्या अंगावर उडी घेतो. म्हणून विमानतळाजवळ खोली घेऊन दोन तास आडवे व्हा. डिसेंबरात पावणेसातला उजाडतं. सातला निघालात की साडेदहाला आई अंगणात भाकरतुकडा घेऊन उभी असेल.

दुसरी वाट मुंबईहून रेल्वेनं. ठाण्याच्या मावशीकडे दोन दिवस थांबायचंच असेल तर हीच बरी, काकूंना पाठ टेकता येते. रात्री आठच्या सुमारास सीएसएमटीहून अमरावती एक्सप्रेस निघते आणि पहाटे आपल्या भागात येते. मूर्तिजापूर कारंज्यापासून ३०-३२ किलोमीटर, तर बडनेरा त्याच्या जवळपास दुप्पट. तरी बडनेऱ्यालाच उतरा. मूर्तिजापूरला गाडी जेमतेम टेकते. चार बॅगा आणि काकू तेवढ्यात खाली उतरवणं मला तरी जमणार नाही. बडनेऱ्याला थांबा निवांत आहे आणि हमालही मिळतात. पुढे गाडीनं दोन तास. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होतं), आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं वातानुकूलित तिकीट फार टिकत नाही. तारीख पक्की झाली की मला सांगा, मी इथूनच काढतो.

पण मावशीकडे थांबायचं नसेल तर ही वाट नको. परदेशी विमानं बरीचशी रात्री नाहीतर पहाटे उतरतात आणि आपली रेल्वे संध्याकाळनंतरची. म्हणजे आख्खा दिवस मुंबईत बॅगा सांभाळत काढायचा. विमान ते अंगण, सव्वा दिवस जातो.

समृद्धीनं मुंबईहून थेट गाडी करू का, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला, तेव्हापासून सगळे हेच विचारतात. विमानतळ ते आमणे साधारण ५० किलोमीटर, पण त्यालाच दीड तास लागू शकतो. पुढे कारंज्यापर्यंत सव्वापाचशे. थांबे धरून नऊ तास, टोल अकराशेच्या घरात. एवढ्या लांबच्या विमानप्रवासानंतर हे काकूंच्या गुडघ्यांना सोसणार नाही. टॅक्सीच्या डिक्कीत सीएनजीची टाकी असली तर दोन बॅगा तुमच्या मांडीवर येतील. आणि काँक्रीटवर टायर तापतात. झिजलेल्या टायरची भाड्याची गाडी कशी निघेल ते आधी कळत नाही.

अमरावतीला बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालंय, आणि तिथून गाव दोन तासांच्या आत आहे. ऐकायला हे सगळ्यात छान. पण विमान लहान, रोजचं नाही, आणि तिकीट वेगळं काढलं तर देशांतर्गत नियमानं माणशी साधारण १५ किलोच सामान. तुमचं निम्म्याहून जास्त वजन जादा ठरेल. परतीला हलक्या बॅगा असतील तेव्हा विचार करू.

माझं मत सांगतो. मावशीकडे मुक्काम असेल तर रेल्वे, नसेल तर नागपूर. नागपूरचं तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. दोह्याचं जमलंच नाही तर मुंबईहून नागपूरचं विमान त्याच तिकिटात जोडून घ्या. बॅगा मुंबईला कस्टमसाठी उचलून पुन्हा द्याव्या लागतील, पण वजनाचा घोळ बहुधा होणार नाही.

शेवटच्या १४ किलोमीटरबद्दल. आपल्या नावाची दोन गावं आहेत, खुर्द आणि बुद्रुक. नुसतं नाव टाकलं की मोबाईल बुद्रुकला नेतो. मागच्या वर्षी ताईच्या सासरची मंडळी त्याच्याच भरवशावर आली. मोबाईलनं त्यांना तीन किलोमीटर वाचतात म्हणून पांदणीत घातलं. आदल्या रात्री अवकाळी झाला होता, काळ्या मातीत चाकं रुतली, आणि बैलजोडी लावून गाडी काढेपर्यंत दुपार झाली. मी घराचं लोकेशन पाठवतो, तेच वापरायला सांगा. कारंज्यातून दारव्ह्याच्या डांबरी रस्त्यालाच लागायचं. डावीकडे जिनिंगचं मोठं पत्र्याचं शेड दिसलं की वाट बरोबर आहे. तिथे कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते, त्यात वीस मिनिटं गेली तर घाबरू नका.

नागपूरला उतरायची तारीख आणि वेळ तेवढी कळवा. सात सीटची गाडी आणि ओळखीचा ड्रायव्हर मी इथून घेऊनच येतो.

तुमचा पुतण्या