पडून असलेला पैसा: स्वीप-इन लावायचं की एफडीवर ओडी घ्यायची?

नागपुरात कूलरचा धंदा करणाऱ्यांचं गणित उलटं असतं, मार्च ते जून पैसा येतो आणि मग जुलैपासून जानेवारीपर्यंत तो नुसता बसून राहतो. करंट खात्यात ठेवला तर व्याज शून्य, सेविंगला टाकला तर मोठ्या सरकारी बँकांत अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि सरळ एफडी करून टाकली तर भीती ही की मधेच कोणी मोटर-पंपाचा लॉट स्वस्तात देऊन राहिला तेव्हा हात मोकळा नसेल. बँकेत विचारलं की दोन उत्तरं मिळतात, स्वीप-इन लावा किंवा एफडी करून तिच्यावर ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट घ्या. काउंटरवर दोन्ही सारखंच वाटतं, पण तसं नाही.

स्वीप-इनमध्ये खात्यावर एक लिमिट ठरते, त्यावरची रक्कम आपोआप एफडीत जाते (स्टेट बँकेत हिला एमओडी म्हणतात), आणि चेक आला, यूपीआय केलं आणि खात्यात कमी पडलं की एफडीतून तेवढी रक्कम मोडून परत येते. ओडीत एफडीला हात लावत नाही, ती तारण राहते, तिच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत लिमिट मिळते, आणि जेवढे उचलले तेवढ्यावरच, जितके दिवस वापरले तितक्याच दिवसांचं व्याज लागतं, एफडीच्या रेटपेक्षा बहुतेक एक ते दोन टक्के जास्त.

आता खरा मुद्दा. एफडी मोडली की नुकसान मागच्या दिवसांवर होतं, म्हणजे ज्या रेटने ठेवली तो रेट मिळत नाही, जितके दिवस राहिली त्या मुदतीचा कमी रेट मिळतो आणि त्यातूनही बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. ओडी उचलली तर खर्च पुढच्या दिवसांवर, पैसे परत भरेपर्यंत. एफडी जुनी आणि गरज थोड्या दिवसांची असेल तर ओडी स्वस्त पडते, एफडी कालपरवाची आणि पैसा कायमचा जाणार असेल तर मोडलेली बरी. यात बँकेचा रेट पाहण्याआधी स्वतःला विचारायचं की पैसा परत येणार आहे का आणि कधी.

आकडे घालून बघू. समजा जुलैत ६ लाखाची एक वर्षाची एफडी झाली साडेसहा टक्क्यांनी. शंभरेक दिवस राहिलेल्या एफडीला ५ टक्के, सात महिन्यांच्या एफडीला ६ टक्के, मोडल्याचा दंड अर्धा टक्का आणि ओडी एफडीपेक्षा एक टक्का महाग, म्हणजे साडेसात, असं धरू. रेट प्रत्येक बँकेत वेगळे असतात, तुमचे टाकून बघा.

ऑक्टोबरमध्ये त्या लॉटसाठी ५० हजार दहा दिवस पाहिजेत. स्वीपने मोडले तर शंभर दिवसांवर साडेसहाऐवजी साडेचार टक्केच मिळणार, तिथेच २७४ रुपये गेले, वर ते दहा दिवस त्या पैशावर काहीच नाही, म्हणजे अजून ८९. ओडीत व्याज १०३ रुपये, पण एफडी तिकडे चालूच आहे, ती दहा दिवसांत ८९ कमावते, खरा खर्च १४ रुपये. इथे विचार करायलाही जागा नाही.

आता फेब्रुवारी. वूडवूल, पत्रा, पंप सगळं भरायचं म्हणून ४ लाख लागतात आणि ते विक्रीतून मे महिन्यात, म्हणजे ९० दिवसांनी परत येतात. ओडी घेतली तर व्याज ७,३९७ रुपये, आणि ४ लाखांची एफडी वर्षभराचे पूर्ण २६ हजार देते, हातात १८,६०३. स्वीपने मोडली तर २१० दिवसांचे साडेपाच टक्क्यांनी १२,६५८, मग मेमध्ये पैसा परत आल्यावर उरलेल्या ६५ दिवसांचे ५ टक्क्यांनी ३,५६१, एकूण १६,२१९. फरक २,३८४ चा, ओडीच्या बाजूने. पण तुमची बँक स्वीपवर दंड घेत नसेल आणि ओडीला दोन टक्के जास्त लावत असेल तर हाच फरक अडीचशेवर येतो, आणि त्यात प्रोसेसिंग चार्ज किंवा दरवर्षीचा रिन्यूअल चार्ज असेल तर ओडी हरली समजा. म्हणून ओडीचा रेट विचारताना चार्जेस आधी विचारा, रेट नंतर.

टॅक्सचा एक फरक आहे जो लोक विसरतात. एफडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात पूर्ण धरलं जातं, स्वीपमधलंसुद्धा, ते सेविंगचं व्याज मानून मिळणारी सूट लागत नाही. ओडीचं व्याज मात्र खर्च म्हणून वजा तेव्हाच होतं जेव्हा पैसा धंद्यात लागला, कूलरवाल्याला होतं, पण पगारदार माणसाने पोरीच्या लग्नासाठी उचललं तर नाही. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या अशा माणसाची साडेसहाची एफडी टॅक्सनंतर साडेचारच्या आसपास उरते आणि ओडी साडेसातचीच राहते, म्हणजे एक टक्क्याचा फरक प्रत्यक्षात तीन टक्क्यांचा होतो. दहा-पंधरा दिवसांना तरीही चालतं, पण सहा महिने ओढत नेलं तर मोडलेलीच बरी होती असं होतं.

मग स्वीप-इन कोणासाठी? ज्याला कधी किती लागेल हे सांगता येत नाही आणि ज्याला काही करायचंच नाही त्याच्यासाठी. मध्यरात्री दवाखान्यात यूपीआय केलं तरी पैसा आपोआप सुटतो. ओडी खातं वेगळं असतं, त्यातून सेविंगला ट्रान्सफर करून मग वापरावं लागतं, काही ठिकाणी त्याला यूपीआय जोडताच येत नाही. शिवाय बऱ्याच बँका शेवटची एफडी आधी मोडतात, त्यामुळे तुमची एफडी वेगवेगळ्या तारखांच्या छोट्या तुकड्यांत असेल तर जुन्या तुकड्यांचं व्याज वाचतं. सगळा पैसा एकदमच एफडीत गेला असेल तर हा फायदा शून्य. बँक फक्त लागेल तेवढाच भाग मोडते की अख्खी एफडी, हेही विचारा बाप्पा, काही ठिकाणी पाच हजारासाठी लाखाची मोडते.

स्वीपचा त्रास कसा ओळखायचा ते स्टेटमेंटमध्ये दिसतं. महिन्यात आठ-दहा वेळा पैसा एफडीत गेला आणि आला, आणि व्याज मात्र दिसत नाही, तर समजा लिमिट फार खाली ठेवली आहे. सात दिवसांच्या आत मोडलेल्या एफडीवर व्याजच मिळत नाही, म्हणजे सेविंगचे अडीच टक्केही गेले. महिन्याचं भाडं, पगार, वीजबिल एवढी रक्कम लिमिटच्या खाली राहील असं बघायचं.

ओडी घेणार असाल तर पाच वर्षांच्या टॅक्स सेव्हर एफडीवर मिळत नाही, साध्या एफडीवरच मिळते. आणि तिच्या मुदतीच्या आधी उचललेले पैसे भरून टाका, नाहीतर एफडी मॅच्युअर झाली की बँक आधी ओडी वळती करते आणि उरलेलं तुम्हाला. ६ लाख एकाच बँकेत ठेवत असाल, विशेषतः छोट्या सहकारी बँकेत, तर विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे, म्हणून दोन बँकांत विभागून दोन्हीकडे छोटी ओडी ठेवलेली जास्त बरी, एक रिन्यूला अडकली तरी दुसरी हाताशी असते.