सूचना आणि घोषणा: व्हॉट्सअ‍ॅपचा एक क्रमांक की दोन?

व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवरून संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. नेहमीच्या उपयोगी सूचना आणि प्रचाराच्या घोषणा एकाच क्रमांकावरून पाठवाव्यात, की दोन क्रमांक ठेवून त्या वेगळ्या कराव्यात? मी एका प्रशिक्षण संस्थेचे संदेश सांभाळतो. दोन्ही मार्गांनी काम करून झाले असल्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण ज्यांचे काम वेगळ्या स्वरूपाचे आहे त्यांना दुसरी बाजूही पटू शकेल.

२०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मर्यादेच्या हिशेबावर ठरत असे, कारण चोवीस तासांत किती वेगवेगळ्या लोकांना आपण होऊन टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेला संदेश, पाठवता येईल, ही मर्यादा प्रत्येक क्रमांकाची स्वतंत्र होती. दुसरा क्रमांक घेतला की त्याला तळापासून चढत यावे लागे, आणि चढून आल्यावर मात्र दोन मर्यादांची बेरीज हाती येई. आता ही मर्यादा संपूर्ण बिझनेस पोर्टफोलिओची, म्हणजे एका व्यवसायाच्या सगळ्या खात्यांची, मिळून एकच असते आणि त्यातले सगळे क्रमांक तीच वाटून घेतात. त्यामुळे नवा क्रमांक पहिल्या दिवसापासून जुन्याच्या उंचीवर उभा राहतो, पण त्याने एकूण उंची इंचभरही वाढत नाही. दुसरा क्रमांक घेण्यामागचे जुने कारण आणि न घेण्यामागचे जुने कारण, दोन्ही एका झटक्यात निकालात निघाली.

उरला तो दर्जा, म्हणजे क्वालिटी रेटिंग. तो अजूनही क्रमांकागणिक वेगळा मोजला जातो. गेल्या सात दिवसांत लोकांनी आपले संदेश कसे स्वीकारले, किती जणांनी ब्लॉक केले, किती जणांनी तक्रार केली आणि ब्लॉक करताना काय कारण दिले, यावरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग ठरतो, आणि त्यात अलीकडच्या दिवसांचे वजन जास्त असते. मर्यादा वाढण्याच्या वाटेवर हाच रंग आडवा येतो. २,००० लोकांच्या टप्प्यावरून १०,००० च्या टप्प्यावर जायचे तर गेल्या सात दिवसांत चालू मर्यादेचा निदान निम्मा भाग वापरलेला असावा लागतो आणि संदेशांचा दर्जा चांगला असावा लागतो. या दोन अटी जुळल्या की वाढ आपोआप आणि आता काही तासांतच होते, त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही. दर्जा लाल असेल तर कितीही संदेश पाठवले तरी टप्पा बदलत नाही. म्हणजे मोठे होण्यासाठी जास्त लोकांकडे जावे लागते आणि जास्त लोकांकडे गेल्यानेच रंग बिघडण्याचा धोका वाढतो.

एका क्रमांकाची बाजू मी आधी मांडतो, कारण वर्षभर मी तीच चालवली. लोकांनी आपला क्रमांक जतन केलेला असतो, वरचे नाव ओळखीचे असते आणि त्याच संभाषणात वर्गाची वेळ, पावती, मागच्या शंकेचे उत्तर असे सगळे दिसते. अशा ओळखीच्या संभाषणात एखादी घोषणा आली तर ती अनोळखी क्रमांकाइतकी खुपत नाही. शिवाय सूचना घेणारे बहुतेक लोक त्या सूचनेची वाट पाहत असतात, त्यामुळे त्या क्वचितच ब्लॉक होतात आणि क्रमांकाचा रंग सावरून धरतात. घोषणांचे पाप सूचनांच्या पुण्यात धुऊन निघते, असा माझा समज होता आणि काही महिने तो खराही वाटला.

मग एका संध्याकाळी आम्ही नव्या अभ्यासक्रमाची घोषणा केली. मर्यादा २,००० होती आणि यादी १,७०० जणांची, त्यात पुष्कळसे माजी विद्यार्थी. संदेश रात्री नऊला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ४६० विद्यार्थ्यांना वर्गाची आठवण जायची होती. हिशेब असा पडला. ४६० पैकी १०० जण आदल्या रात्रीच्या यादीत होतेच, आणि एकाच माणसाला चोवीस तासांत दुसरा संदेश गेला तरी तो पुन्हा मोजला जात नाही. म्हणजे नवे ३६०, आणि शिल्लक जागा ३००. साठ जणांची आठवण गेलीच नाही. हे चोवीस तास मध्यरात्री कोरे होत नाहीत, ते सरकत राहतात, हे मला वाचून ठाऊक होते. पण रात्री नऊचा संदेश दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत जागा अडवून बसतो याचा खरा अर्थ त्या सकाळी कळला.

हा दोष मात्र एका क्रमांकाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. आजच्या नियमात दोन क्रमांक असते तरी हेच झाले असते, कारण जागा सामाईक आहे. यावरचा उपाय वेळापत्रकात आहे: घोषणेची यादी मर्यादेच्या कडेपर्यंत न नेता सूचनांसाठी जागा राखून ठेवायची. ज्याने नुकतेच आपल्याला लिहिले आहे त्याच्यासाठी चोवीस तासांची खिडकी उघडी असते आणि त्या खिडकीतले संदेश या मोजणीत येत नाहीत, तेव्हा बोलक्या लोकांची चिंता तशीही कमी असते.

माझा निर्णय ज्या गोष्टीने फिरवला ती त्यानंतर चार-पाच दिवसांनी समोर आली. एका चालू विद्यार्थिनीचा फोन आला. ती म्हणाली, ‘सर, आजचा वर्ग रद्द आहे का? सगळ्यांना मेसेज आलाय, मला काहीच नाही.’ नोंद पाहिली तर तिचा संदेश ‘पाठवला’ अशी खूण होती, ‘पोहोचला’ अशी नव्हती, आणि मागचे तीनही तसेच. जरा चाचरतच तिने सांगितले, ‘त्या दिवशी रात्री कोर्सची जाहिरात आली ना, तेव्हा मी ब्लॉक केलं होतं. क्लासचे मेसेजपण त्याच नंबरवरून येतात हे डोक्यात आलं नाही.’

ही गोष्ट मी नंतर यादीभर शोधली. एकाच खुणेवर अडकलेले चालू विद्यार्थी वेगळे काढले, तेव्हा ते एकोणीस निघाले. सगळ्यांनीच ब्लॉक केले असेल असे म्हणता येणार नाही, काहींचा फोन बंद असेल, काहींनी क्रमांक बदललाही असेल. पण ज्या नऊ जणांशी बोलणे झाले त्यांतल्या सहांनी ब्लॉक केल्याचे मान्य केले. खरे तर फक्त ऑफर आणि घोषणा थांबवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली आहे, आणि ती वापरणाऱ्याला सूचना येतच राहतात. पण रात्री नऊला वैतागलेला माणूस ती सोय शोधत बसत नाही, त्याचे बोट सरळ ब्लॉकवर जाते. ब्लॉकला टेम्प्लेटचा प्रकार कळत नाही, तो पूर्ण क्रमांकाचे दार बंद करतो.

टेम्प्लेटचा स्वतःचा दर्जा आहे आणि तो बिघडला तर शिक्षा त्या टेम्प्लेटपुरतीच होते: पहिल्या वेळी तीन तास थांबवतात, दुसऱ्या वेळी सहा तास, आणि तिसऱ्या वेळी ते कायमचे बंद होते. मी या व्यवस्थेवर विसंबून होतो. आमच्या घोषणेचे टेम्प्लेट पिवळ्यावर आले, बंद पडले नाही. क्रमांकाचा रंगही त्याच आठवड्यात पिवळा झाला आणि दहा-बारा दिवसांनी परत हिरवा झाला. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटेल की जखम भरली. रंग सात दिवसांचा असतो आणि ब्लॉक कायमचा, हे अंतर त्या पडद्यावर कुठेच दिसत नाही.

म्हणून घोषणांसाठी दुसरा क्रमांक घेतला. त्यात कटकट आहे आणि ती झाकून ठेवणार नाही. नव्या क्रमांकाचे दर्शनी नाव पुन्हा मंजूर करून घ्यावे लागते. सुरुवातीला पोर्टफोलिओला दोनच क्रमांक मिळतात, त्यामुळे ही संख्या वाढवून मिळेपर्यंत तिसऱ्याचा विचारही करता येत नाही. लोक घोषणेच्याच क्रमांकावर वर्गाच्या शंका विचारतात आणि त्या योग्य माणसाकडे वळवण्याचे काम अंगावर येते. शिवाय अनोळखी क्रमांकावरून आलेली घोषणा लोक अधिक सहज ब्लॉक करतात. आमचा दुसरा क्रमांक अधूनमधून पिवळा होतो. तो लाल होऊ द्यायचा नाही एवढे पथ्य पाळावेच लागते, कारण दुसरा क्रमांक म्हणजे हवे ते पाठवण्याचा परवाना नव्हे, आणि धोरणभंगाची कारवाई खात्यावर होते तेव्हा दोन्ही क्रमांक एकाच नावेत असतात.

रोज सकाळी मी दोन्ही क्रमांकांसाठी ही एक विचारणा चालवतो, दिवसाचे पहिले टेम्प्लेट जाण्याआधी:

```
GET /<PHONE_NUMBER_ID>?fields=display_phone_number,quality_rating,whatsapp_business_manager_messaging_limit
```

`quality_rating` मध्ये `GREEN` सोडून दुसरे काही दिसले तर त्या क्रमांकावरची त्या दिवसाची घोषणा पुढे ढकलतो. शेवटचा आकडा दोन्हींकडे सारखाच येतो आणि तो सारखा येण्यातच सामाईक मर्यादेची आठवण आहे. घोषणेची यादी आता एका दिवशी १,४०० च्या वर नेत नाही, म्हणजे सूचनांसाठी ६०० जागा उरतात. चौदाशे हा आकडा २,००० च्या निम्म्याहून बराच वर असल्याने पुढच्या टप्प्याची वापराची अट त्यातच भागते. नव्या टेम्प्लेटचे तर आधी दोनशे संदेश पाठवून एक दिवस वाट पाहतो.

ज्यांच्याकडे प्रचाराचे संदेश वर्षातून एखाद-दुसरेच असतात, किंवा जे अजून २५० च्या टप्प्यावर आहेत आणि प्रत्येकाला ओळखतात, त्यांनी एकाच क्रमांकावर राहावे असे मला वाटते. दोन संभाषणे सांभाळण्याचा त्रास त्यांच्या बाबतीत फायद्यापेक्षा मोठा ठरेल. पण ज्यांच्या सूचनेवर कोणाचा वर्ग, भेट किंवा मुदत अवलंबून आहे आणि ज्यांना टप्पा वाढवण्यासाठी घोषणा कराव्याच लागतात, त्यांनी दर्जाचा रंग बाजूला ठेवून एकदा एका खुणेवर अडकलेल्या चालू ग्राहकांची यादी काढून पाहावी. आमच्या बाबतीत निर्णय तिथेच झाला.

त्या विद्यार्थिनीने फोननंतर जुना क्रमांक पुन्हा मोकळा केला. दुसऱ्या क्रमांकावरून पहिली घोषणा गेली तेव्हा तिने तोही दोन आठवड्यांच्या आत ब्लॉक केला असावा, कारण तिथे तिच्या नावापुढे आजही एकच खूण आहे. वर्गाच्या आठवणीवर मात्र रोज सकाळी दोन खुणा येतात.