मिरचीचं बियाणं, ३१ बिया, ४ झाडं: पाच महिन्यांनंतर विक्रेत्यास पत्र

नमस्कार,

तुमच्याकडून घेतलेल्या मिरचीच्या बियाण्याबद्दल मी पहिल्या महिन्यातच तक्रार केली होती. तेव्हा तुमचं उत्तर आलं, "बी खोल गेलं असेल किंवा पाणी जास्त झालं असेल. शिवाय उगवण ७० टक्के लिहिलीय, म्हणजे काही बिया नाही उगवत." हे खरं असू शकतं असं मलाही वाटलं, म्हणून गप्प बसले आणि उरलेल्या बियांवर जरा नीट काम केलं. आता पाच महिने झालेत, गच्चीवर जी झाडं जगली त्यांना मिरच्याही लागल्यात, तेव्हा सगळं सविस्तर लिहिते.

पाकिटावर ३० बिया लिहिल्या होत्या, निघाल्या ३१. मापात खोट नाही. त्यातल्या १२ मी ट्रेमध्ये लावल्या. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत, एका कप्प्यात एक बी, वर अर्धा सेंटीमीटर थर. शेजारच्या १२ कप्प्यांत माझ्याच टोमॅटोचं घरी धरलेलं बी होतं. टोमॅटोची ११ रोपं आली, मिरचीची वीस दिवसांत २. पहिली तक्रार मी याच जोरावर केली होती, आणि ती चूक होती हे कबूल करते. रात्री गच्चीवर पारा १५ अंशांपर्यंत उतरत होता. टोमॅटो अशा गारव्यात रखडत का होईना उगवतो, मिरची मात्र २५ ते ३० अंशांची ऊब मिळाल्याशिवाय मनावर घेत नाही. गार, ओल्या कोकोपीटमध्ये तीन आठवडे पडलेलं चांगलं बीसुद्धा कुजतं. तेव्हा ती पहिली फेरी मी हिशेबातच धरत नाही. ती माझी चूक.

दुसऱ्या फेरीत माती, खोली, पाणी हे सगळेच वाद मिटावेत म्हणून टिश्यू पेपर वापरला. पेपर ओला करून असा पिळला की दाबल्यावर थेंब पडू नये. त्यावर तुमच्या १० बिया एकमेकींना न चिकटता मांडल्या, घडी घातली आणि झाकणाच्या डब्यात ठेवल्या. दुसऱ्या डब्यात अगदी तशाच माझ्या गेल्या वर्षीच्या मिरचीच्या १० बिया. या वेळी मिरचीशी मिरचीच ताडून पाहायची होती. दोन्ही डबे फ्रिजच्या माथ्यावर, जिथे थर्मामीटर दिवसरात्र २६ ते २९ दाखवत होता. रोज सकाळी झाकण उघडून हवा द्यायची, पेपर सुकलाय वाटलं तर पाण्याचा फवारा मारायचा, बस्स.

माझ्या बियांना सहाव्या दिवशी पांढरी मुळं दिसली आणि नवव्या दिवसापर्यंत ९ उगवल्या. तुमच्यातली पहिली नवव्या दिवशी हलली, दुसरी तेराव्या. एकीने मूळ बाहेर काढलं खरं, पण त्याचं टोक तपकिरी पडून ते तिथेच थांबलं. मिरचीची उगवण चौदाव्या दिवशी मोजायची पद्धत आहे, आणि मोजताना धड रोप होईल असाच कोंब धरतात, म्हणून तो सोडला. चौदाव्या दिवशी माझ्या ९, तुमच्या २. सतराव्या दिवशी आणखी एक उशिराने जागी झाली. तिला मी लावलं, मोजणीत घेतलं नाही.

आता ७० टक्क्यांचं. दहा बिया म्हणजे छोटा नमुना, प्रयोगशाळेत चारशे बिया लावतात, हे मला ठाऊक आहे. ७ च्या जागी ५ आल्या असत्या तर मी नशिबावर सोडलं असतं. पण खरोखर ७० टक्के उगवणाऱ्या बियाण्यातून कुठल्याही दहा उचलल्या आणि त्यात दोन किंवा दोनांहून कमीच उगवल्या, असं हजार वेळांत दोनदासुद्धा होत नाही. म्हणजे माझ्या हातात आलं तेव्हा हे बियाणं ७० टक्क्यांचं नव्हतं.

न उगवलेल्या बिया मी टाकून दिल्या नाहीत. चिमट्याने एकेक दाबून पाहिली. बी नुसतं झोपलेलं असेल तर पाणी पिऊन फुगलेलं पण टणक राहतं, दाबलं तर चिमट्यातून निसटतं. तुमच्या बिया दाबल्याबरोबर फिसकटल्या, आतून राखाडी पाणी आलं, दोन-तीनवर बुरशीची लव होती. पाकिटातली एक कोरडी बी ब्लेडने कापली, तर आतला गर मळकट पिवळा, आणि माझ्या बीमधला दुधाळ पांढरा. रंगावरून पैज लावू नये, पण फिसकटणारी बी मेलेलीच असते. मग ती रात्रभर भिजवा (हाही सल्ला तुमच्याकडून आला होता) नाहीतर मंतरलेल्या पाण्यात ठेवा.

उशिरा, पुढेमागे, अशक्त उगवणं आणि मुळाचं टोक काळवंडणं ही म्हाताऱ्या बियाण्याची लक्षणं. पाकिटावर पॅकिंगची तारीख आहे, मी घेण्याच्या तीन महिने आधीची. पण बी पाकिटात कधी शिरलं, यावरून त्याचं वय कळत नाही. फळातून ते कधी काढलं आणि उगवण कधी तपासली, हे कुठेच नाही. कदाचित बियाणं ताजंही असेल आणि वाटेत कुठे उन्हात, दमटात पडून राहिलं असेल. ऊब आणि ओल मिळून बियाण्याला वर्षाचं म्हातारपण काही आठवड्यांत आणतात, आणि पाकीट तर साध्या कागदाचं होतं, हवा आतबाहेर होणारं. जुनं बी की तापलेलं बी, हे मला माझ्या डब्यातून सांगता येणार नाही.

तुम्हाला येईल. त्या लॉटची काही पाकिटं किंवा सुटं बी तुमच्याकडे शिल्लक असेलच. त्यातल्या १०० बिया याच पद्धतीने लावून बघा. तिथे साठ-सत्तर उगवल्या तर बिघाड वाहतुकीत किंवा माझ्यापर्यंत येणाऱ्या टप्प्यात झाला, मग फॉइलचं पाकीट वापरा. तिथेही वीस-पंचवीसच आल्या तर तो लॉट विक्रीतून काढा, कारण घेणारे बहुतेक जण माझ्यासारखेच आधी स्वतःच्या मातीला दोष देत बसतील.

बाकी, ट्रेमधली दोन आणि टिश्यूतली तीन अशी पाच रोपं कुंडीत गेली. सतराव्या दिवसाचं ते रोप आठवडाभरात बुंध्याशी मऊ पडून गेलं. उरलेली चार सुरुवातीला महिनाभर माझ्या रोपांच्या निम्मीच होती, पण मग सावरली. मिरच्या चित्रात दाखवल्या तशाच आहेत, लांब, पातळ सालीच्या, आणि चारही झाडांवर सारख्या. म्हणजे वाण खरा आहे, त्यात भेसळ नाही. वाणाला माझे पाचपैकी चार, पाकिटाला एक.

पैसे परत मागत नाही. उरलेल्या ८ बिया मूळ पाकिटात, लॉट नंबरसकट, कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत. तपासायला हव्या असतील तर कळवा, पाठवते. तुमच्या १०० बियांत किती उगवल्या तेवढं मात्र लिहा.