आरंभीची शिल्लक ते अखेरची शिल्लक: तयार वॉटरफॉल घ्यावा की हाताने रचावा?

सुरुवातीची शिल्लक जमा-खर्चाच्या पायऱ्यांनी अखेरच्या शिल्लकेपर्यंत कशी पोचली हे खांबांतून दाखवतो तो वॉटरफॉल चार्ट. एक्सेलमध्ये तो करायचे दोन रस्ते आहेत. २०१६ च्या आवृत्तीपासून आलेला तयार प्रकार हा एक, आणि साध्या एकावर एक रचलेल्या खांबांतून, तळाचा खांब अदृश्य करून हाताने बांधलेला हा दुसरा. मी बोरिवलीतल्या आमच्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदार आहे आणि वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी दोन्ही वापरून झाले आहेत. सोसायटी, मंडळ किंवा छोट्या दुकानाचे हिशेब कुणाला समजावून सांगायचे असतील, तर निवड करताना हा अनुभव कामी यावा.

आकडे सोपे करून घेतो. वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक ६,४०,००० रुपये. मेंटेनन्सची वसुली १४,४०,०००, ठेवीचं व्याज ८५,०००. खर्चात वॉचमन आणि सफाईचे पगार ६,००,०००, पाणीपट्टी आणि मालमत्ता कर ३,१०,०००, वीज आणि लिफ्ट २,४०,०००, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ७,००,०००. अखेरची शिल्लक ३,१५,०००. सभेत प्रश्न ठरलेला असतो: “सव्वातीन लाख कमी कसे झाले?” छापील पत्रकात उत्तर असतं, पण ते शोधावं लागतं. चार्टमध्ये खांब पायरी-पायरीने उतरतात आणि वॉटरप्रूफिंगच्या आधीची पायरी १०,१५,००० वर आहे हे मागच्या खुर्चीतल्या माणसालाही दिसतं. म्हणजे गच्ची नसती तर शिल्लक पावणेचार लाखांनी वाढली असती. ही एक गोष्ट दाखवण्यासाठीच मी हा चार्ट काढतो.

कुठलाही रस्ता घेतला तरी आधी आकडे योग्य पत्रकातून उचलायला हवेत. आरंभीची आणि अखेरची शिल्लक म्हणजे बँक आणि रोख. त्यामुळे मधले आकडे प्राप्ती व शोधन पत्रकातले हवेत, उत्पन्न-खर्च पत्रकातले नाहीत. उत्पन्न-खर्च पत्रकात मेंटेनन्सची पूर्ण आकारणी धरलेली असते, थकबाकीसकट. समजा दोन फ्लॅटनी वर्षभर पैसे भरलेच नाहीत. तीन हजार महिन्याच्या दराने ७२,००० रुपये उत्पन्नात दिसतील, पण बँकेत येणार नाहीत, आणि शेवटचा खांब पासबुकापेक्षा तेवढाच उंच येईल. फरक नेमका थकबाकीएवढा निघाला, की पत्रक चुकलं असं समजावं.

तयार प्रकारात ‘तपशील’ आणि ‘रक्कम’ असे दोनच रकाने लागतात. ते निवडून Insert मधून Waterfall घेतला की चार्ट समोर येतो. खर्चाच्या रकमा मात्र उणे चिन्हासह लिहाव्या लागतात, आणि अखेरच्या शिल्लकेची ओळ ही बेरीज आहे हे स्वतः सांगावं लागतं. खांबावर एकदा क्लिक केलं की सगळी मालिका निवडली जाते, पुन्हा क्लिक केलं की तो एकटा खांब. मग राइट क्लिक करून Set as Total. हे राहिलं तर एक्सेल ३,१५,००० ला आणखी एक जमा समजतं आणि तो खांब ३,१५,००० पासून ६,३०,००० पर्यंत हवेत तरंगतो. रंगही जमेचाच येतो. शेवटचा खांब जमिनीला टेकलेला नाही, एवढं पाहिलं की चूक कळते. आरंभीच्या खांबालाही हेच करावं. तो जमिनीवरच असतो, पण नाहीतर त्याला जमेचा रंग मिळतो आणि गेल्या वर्षीची शिल्लक यंदाची कमाई वाटते. (गूगल शीट्स शेवटी बेरजेचा खांब आपोआप लावतं, तिथे अखेरची ओळ लिहूच नये.)

पायऱ्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा तयार प्रकारात आपसूक येतात आणि फार छान दिसतात, हे मोकळेपणाने सांगतो. हाताने रचलेल्या चार्टमध्ये तसं नेटकं जमवणं कठीण. Series Lines नावाची सोय आहे, पण ती अदृश्य खांबांच्या माथ्यांपासूनही रेषा ओढते आणि जाळं होतं. मी रेषा सोडून देतो आणि खांबांमधली जागा, म्हणजे Gap Width, ४० टक्क्यांपर्यंत आणतो. खांब जवळ आले की नजर आपोआप पायरी पकडते.

हाताने रचायचं तर रकाने पाच: A मध्ये तपशील, B आधार, C शिल्लक, D जमा, E खर्च. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक C2 मध्ये. तिसऱ्या-चौथ्या ओळीत दोन जमा, पाच ते आठमध्ये चार खर्च, नवव्या ओळीत अखेरची शिल्लक. सगळे आकडे धन, जसे पत्रकात छापले आहेत तसेच. सूत्रं दोनच:

```
B3   =B2+C2+D2-E3
C9   =B8+C8+D8
```

B3 चं सूत्र B8 पर्यंत ओढायचं. आधीच्या ओळीचा माथा घ्यायचा आणि या ओळीत खर्च असेल तर तेवढं खाली उतरायचं, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या आकड्यांत B3 मध्ये ६,४०,०००, B4 मध्ये २०,८०,०००, पगाराच्या ओळीत १५,६५,००० आणि गच्चीच्या ओळीत ३,१५,००० येतात. A1 ते E9 निवडून Stacked Column घ्यायचा, ‘आधार’ मालिकेला No Fill द्यायचं आणि Legend मधून तिचं नाव पुसायचं. ‘आधार’ हा रकाना आकड्यांमध्ये पहिलाच हवा, कारण पहिली मालिका तळाला बसते. ज्या चौकटीत रक्कम नाही ती रिकामी ठेवावी. शून्य लिहिलं तर लेबलं लावल्यावर चार्टभर शून्यं विखुरतात. सरावाने दहा मिनिटं लागतात, पहिल्यांदा अर्धा तास धरा.

आता माझं मत ज्यावर ठरलं ते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वर्षी मी तयार प्रकार वापरला होता. घरच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित होतं. सभेच्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसमधला कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडला. त्यावर एक्सेल २०१३ होतं हे मला माहीत नव्हतं. शीट उघडली, आकडे दिसले, आणि चार्टच्या जागी एक पांढरी चौकट. त्यात लिहिलेलं होतं: This chart isn't available in your version of Excel. पुढचं वाक्य अधिक घाबरवणारं होतं, की हा आकार बदलला किंवा फाइल दुसऱ्या प्रकारात सेव्ह केली तर चार्ट कायमचा मोडेल. समोर पंचवीस-तीस सभासद बसलेले. सेक्रेटरीकाका हळूच म्हणाले, “राहू दे, तू तोंडी सांग.” मी तोंडी सांगितलं, पण गच्चीचे सात लाख आणि सव्वातीन लाखांची घट यांचा मेळ बोलून पटेना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वहीत तिसऱ्यांदा बेरीज केली तेव्हा कुठे विषय पुढे सरकला.

चार्टचं चित्र करून चिकटवावं किंवा पीडीएफ न्यावी, असं कुणी सुचवेल. आकडे पक्के असतील तर तो उपाय पुरेसा आहे. पण सोसायटीत ते शेवटच्या दिवसापर्यंत पक्के नसतात. आदल्या रात्री ऑडिटरचा फोन येतो, की बँकेच्या व्याजातली अमुक रक्कम पुढच्या वर्षात टाका. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरच आकडा बदलावा लागतो आणि चित्र जुनंच राहतं. साधे रचलेले खांब मात्र जुन्या-नव्या सगळ्या एक्सेलमध्ये सारखेच उघडतात, आणि आकडा बदलला की हलतात.

दुसरा त्रास लहान आहे, पण दरवर्षी भेटतो. लाखाचे स्वल्पविराम नीट यावेत म्हणून मी लेबलांना हे स्वरूप देतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

तयार प्रकारात खर्च उणे असल्याने ते या स्वरूपाच्या तिसऱ्या भागात पडतात आणि पगाराच्या खांबावर -600,000 असं दिसतं. कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग भारताची असेल तर या स्वरूपाची गरजच नाही, साधं #,##0 लाखातच स्वल्पविराम देतं. पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं काय सांगावं? हाताने रचलेल्या चार्टमध्ये सगळे आकडे धन असल्याने हा प्रश्न येत नाही, आणि खर्च आहे हे रंग सांगतो.

हाताने रचण्याची खरी मर्यादा शून्याखाली आहे. शिल्लक कुठल्याही पायरीवर उणे झाली तर हा चार्ट खोटं दाखवतो. समजा दीड लाख शिल्लक असताना दोन लाखांचा खर्च आला. आधार −५०,००० होतो. रचलेल्या खांबांत उणे भाग शून्याखाली आणि धन भाग शून्यावर वेगवेगळा बसतो, म्हणून खर्चाचा खांब दीड लाखापासून खाली उतरण्याऐवजी शून्यापासून दोन लाखांपर्यंत वर उभा राहतो. खूण सोपी आहे: B रकान्यात एकही उणे आकडा दिसला की चार्ट वापरू नये. सोसायटीत सगळ्या जमा आधी आणि खर्च नंतर मांडले तर ही वेळ सहसा येत नाही, कारण इथे क्रम तारखेचा नसून शीर्षांचा असतो. पण दुकानाचं कॅश क्रेडिट खातं महिनावार दाखवायचं असेल, तर शिल्लक शून्याच्या खाली-वर होतच राहणार. तिथे मी स्वतः तयार प्रकारच घेईन आणि समोरच्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती आहे ते आदल्या दिवशी जाऊन पाहीन.

सोसायटीच्या हिशेबाला मात्र, माझ्या मते तरी, हाताने रचलेलाच बरा. खजिनदार बदलला तरी तो चालतो. B रकान्यात प्रत्येक खर्चानंतरची शिल्लक उघड लिहिलेली असते, त्यामुळे नव्या माणसाला चार्ट न पाहताही हिशेब तपासता येतो. आता मी H2 मध्ये पासबुक आणि रोख मिळून अखेरची रक्कम हाताने लिहितो आणि शेजारी =C9-H2 ठेवतो. तिथे शून्य आलं की मगच फाइल सभेच्या नोटिशीसोबत सभासदांना पाठवतो.